अवनींद्रनाथांची 'भारतमाता': चित्र पाण्यात बुडवून रंगवणारी बंगाल शैली काय होती?

भारतमाता म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एक ठरलेलं चित्र येतं. भरजरी साडी, डोक्यावर मुकुट, हातात झेंडा, शेजारी सिंह आणि मागे देशाचा नकाशा. शाळेच्या कार्यालयात, गणपतीच्या मांडवात, दिनदर्शिकेवर हेच चित्र असतं.

1905 साली कोलकात्यात, म्हणजे तेव्हाच्या कलकत्त्यात, अवनींद्रनाथ टागोरांनी रंगवलेली भारतमाता मात्र अगदी वेगळी आहे. तिच्याजवळ शस्त्र नाही, सिंह नाही, नकाशाही नाही. भगवी वस्त्रं नेसलेली, तरुण, शांत चेहऱ्याची एक संन्यासिनी धूसर प्रकाशात उभी आहे. तिला चार हात आहेत आणि त्यांत पोथी, भाताच्या लोंब्या, पांढरं वस्त्र आणि जपमाळ आहे. डोक्यामागे प्रभावळ आहे आणि पायाशी पांढरी कमळं. मूळ चित्र जेमतेम साडेदहा इंच उंच आणि सहा इंच रुंद आहे. शाळेच्या वहीच्या पानापेक्षा थोडं मोठं, इतकंच.

हे चित्र 'बंगाल स्कूल' किंवा बंगाल शैली म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चळवळीचं सर्वांत प्रसिद्ध चित्र मानलं जातं. इंग्रजांनी शिकवलेली चित्रकला सोडून 'आपली' चित्रकला उभी करायची, असा या चळवळीचा दावा होता. तो दावा किती खरा होता, हे समजून घ्यायचं तर हे चित्र रंगवलं कसं गेलं, इथपासून सुरुवात करावी लागते.

इंग्रजांची शाळा आणि रवि वर्म्यांची छापील चित्रं

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई, मद्रास आणि कलकत्ता इथल्या सरकारी कलाशाळांमध्ये शिक्षणाची पद्धत साधारण एकसारखी होती. विद्यार्थ्यांपुढे ग्रीक-रोमन पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतिकृती ठेवल्या जात. त्यांच्यावर पडणारा उजेड, सावली आणि अंगाची गोलाई कागदावर हुबेहूब उतरवायची. पुढे तैलरंग, जिवंत माणूस समोर बसवून केलेला अभ्यास आणि यथार्थदर्शन, म्हणजे जवळची वस्तू मोठी आणि लांबची लहान दाखवण्याचं गणित. यालाच अकादमिक वास्तववाद म्हणतात.

या पद्धतीतला सर्वांत लोकप्रिय भारतीय चित्रकार म्हणजे राजा रवि वर्मा. ते कुठल्या सरकारी कलाशाळेत शिकले नव्हते, पण त्यांच्या शकुंतला, दमयंती आणि सरस्वती तैलरंगातल्या, युरोपीय धाटणीच्याच होत्या. 1894 मध्ये त्यांनी मुंबईत छापखाना काढला आणि काही वर्षांनी तो लोणावळ्याजवळच्या मळवलीला हलवला. तिथून निघालेले छापील देव महाराष्ट्रातल्या देवघरांपासून देशभरातल्या भिंतींवर पोहोचले.

अवनींद्रनाथांचं शिक्षणही आधी याच वळणाचं झालं. रवींद्रनाथ टागोरांचे हे पुतणे जोडासाँकोच्या वाड्यात वाढले. ओलिंतो गिलार्दी या इटालियन शिक्षकाकडे ते पेस्टल शिकले आणि चार्ल्स पामर या इंग्रज चित्रकाराकडे तैलरंग. हात चांगला बसला होता, पण मन रमत नव्हतं. अशात एका नातेवाइकाकडून जुन्या दरबारी लघुचित्रांचा एक संच त्यांच्या हाती आला. सोन्याची बारीक कलाकुसर आणि केसाएवढी नाजूक रेघ पाहून ते चकित झाले आणि 1890 च्या दशकाच्या मध्यावर त्यांनी राधा-कृष्णाच्या लीलांची एक चित्रमालिका काढली.

याच सुमारास, 1896 मध्ये, अर्नेस्ट बिनफिल्ड हॅवेल नावाचा इंग्रज कलकत्त्याच्या सरकारी कलाशाळेचा प्राचार्य म्हणून आला. तो आधी मद्रासच्या कलाशाळेत होता आणि भारतीय कारागिरीचा चाहता होता. विद्यार्थ्यांनी प्लास्टरचे ग्रीक पुतळे गिरवण्यापेक्षा स्वतःच्या देशातली चित्रं पाहावीत, असं त्याचं म्हणणं होतं. शाळेच्या संग्रहातली सुमार युरोपीय चित्रं काढून त्यांच्या जागी त्याने मुघल आणि इतर भारतीय चित्रं आणायला सुरुवात केली.

विद्यार्थी खूश झाले असतील असं आज वाटेल. झालं उलटंच. 'साहेब आम्हाला खरी, वरच्या दर्जाची कला शिकू देत नाही,' असा संशय बळावला. काही विद्यार्थी शाळा सोडून गेले आणि रणदाप्रसाद गुप्त यांनी ज्युबिली आर्ट अकॅडमी ही वेगळी संस्था काढून तिथे युरोपीय पद्धतच शिकवायला घेतली. यात त्यांचं फार चुकलं असं म्हणता येत नाही. त्या काळात पोर्ट्रेट रंगवणं, ड्रॉइंग मास्तरची नोकरी आणि छापखान्यातलं काम हे सगळं या वास्तववादी हातावरच मिळत होतं. हॅवेलच्या प्रयोगाची किंमत विद्यार्थ्यांच्या पोटाला मोजावी लागणार होती.

हॅवेलला अवनींद्रनाथांमध्ये हवा तो माणूस सापडला आणि 1905 मध्ये ते या कलाशाळेचे उपप्राचार्य झाले.

जपानहून आलेले दोन पाहुणे

1902 मध्ये ओकाकुरा काकुझो हा जपानी विचारवंत कलकत्त्यात आला आणि टागोर कुटुंबाच्या सहवासात राहिला. सगळा आशिया एकाच संस्कृतीच्या धाग्यात बांधलेला आहे आणि पश्चिमेची नक्कल करणं हा त्याच्यासाठी आत्मघात आहे, हा त्याचा विचार होता. पुढच्याच वर्षी त्याने योकोयामा टायकान आणि हिशिदा शुन्सो या दोन तरुण चित्रकारांना भारतात पाठवलं.

हे दोघे आपल्या देशात टीका सोसत होते. जपानी चित्रकलेचा कणा म्हणजे काळ्या शाईची ठाम रेघ. या दोघांनी ती रेघच गाळून नुसत्या रंगछटांनी चित्र काढायला सुरुवात केली होती. जपानी टीकाकारांनी त्याला 'मोरोताई' म्हणजे धूसर, अस्पष्ट शैली असं कुचेष्टेचं नाव दिलं होतं. पाश्चात्त्य चित्रांतली हवा आणि प्रकाश जपानी साधनांनी पकडण्याचा तो प्रयत्न होता.

टायकान काम करताना मधेच रुंद ब्रश पाण्यात भिजवून कागदावरून फिरवतो, हे अवनींद्रनाथांनी पाहिलं. ओलसर कागदावर रंगांच्या कडा विरघळतात आणि सगळं चित्र एका धुक्यात गेल्यासारखं दिसतं. अवनींद्रनाथांनी यापुढचं पाऊल टाकलं. ब्रशने पाणी फिरवण्याऐवजी त्यांनी रंगवलेला अख्खा कागदच पाण्यात बुडवला. बंगाल शैलीचं प्रसिद्ध वॉश तंत्र इथून सुरू झालं.

चित्र पाण्यात बुडवून रंगवायचं म्हणजे नेमकं कसं?

आधी रेखाटन वेगळ्या कागदावर पक्कं करायचं, कारण नंतर खाडाखोड करायला जागा नसते. मग ते जाड, पाणी पिऊनही न फाटणाऱ्या कागदावर उतरवायचं. त्या काळात यासाठी व्हॉटमन हा इंग्लंडमध्ये बनणारा कागद आवडीने वापरला जाई. रेघा फिकट तांबूस किंवा तपकिरी रंगात अगदी हलक्या काढायच्या. त्यानंतर त्वचा, वस्त्र, झाड अशा प्रत्येक भागात पारदर्शक जलरंग पातळ भरायचा आणि कागद पूर्ण सुकू द्यायचा.

मग येतो भीती वाटायला लावणारा टप्पा. सुकलेलं चित्र स्वच्छ पाण्याच्या पसरट भांड्यात काही मिनिटं बुडवून ठेवायचं. कागदाच्या तंतूंत न मुरलेला रंग पाण्यात सुटून जातो आणि मुरलेला तेवढा उरतो. बाहेर काढल्यावर चित्र फिकं झालेलं असतं, पण रंग आता कागदाच्या वर बसलेला नसून कागदात शिरलेला असतो. ते सुकवायचं, पुन्हा रंग भरायचा, पुन्हा बुडवायचं.

रंग असे दोन-तीनदा पक्के झाले की खरा 'वॉश' द्यायचा. कागद ओलसर असतानाच चपट्या ब्रशने एखादी पातळ छटा, समजा राखाडी, निळसर किंवा पिवळी माती, संपूर्ण चित्रावरून फिरवायची. चेहरा, साडी, आकाश, जमीन, सगळ्यावरून. चित्रात संध्याकाळ आहे की पहाट, हे या छटेवरून ठरतं. जिथे उजेड हवा तिथला रंग ओल्या ब्रशने हलकेच टिपून काढायचा. अगदी शेवटी कोरड्या कागदावर डोळे, ओठ, बोटं आणि दागिने बारीक ब्रशने पुन्हा नेमके करायचे, कारण इतक्या पाण्यानंतर मूळ रेघ विरलेली असते.

यात बिघडायला बराच वाव आहे. रंग पूर्ण सुकण्याआधी बुडवला तर तो वाहून शेजारच्या भागात शिरतो. प्रत्येक वेळी परस्परविरोधी छटा दिल्या तर चित्राचा गढूळ, मातकट चिखल होतो. ओला कागद जास्त घासला तर त्याचे तंतू वर येतात आणि तिथे रंग डागासारखा साचतो. कागद असमान सुकला तर पाण्याच्या कडा उमटतात, तशा भिंतीवर ओल आली की उमटतात. बंगाल शैलीच्या नकला करणाऱ्यांची बरीच चित्रं कळकट दिसतात, त्याचं कारण यातलंच एखादं असतं.

खरं वॉश चित्र ओळखायचं असेल तर रंगाच्या कडा पाहाव्यात. कडक कड कुठेच नसते आणि माणूस व पार्श्वभूमी दोघांतही एकच छटा मिसळलेली असते. मराठी वाचकांना ओळखीचं उदाहरण घेऊन फरक कळेल. सावळाराम हळदणकरांचं हातात समई घेतलेल्या तरुणीचं 'ग्लो ऑफ होप' हे मैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातलं चित्रसुद्धा पारदर्शक जलरंगातच आहे. पण तिथे उजेड एका ठरलेल्या जागेतून, दिव्यातून येतो आणि बोटांवर, चेहऱ्यावर, साडीच्या घडीवर कसा पडतो याचा काटेकोर हिशेब आहे. हा अकादमिक वास्तववाद. अवनींद्रनाथांच्या चित्रात उजेड कुठून येतो हे सांगताच येत नाही. तो सगळीकडे सारखा झिरपलेला असतो.

मग यात भारतीय काय होतं?

तंत्राच्या अंगाने पाहिलं तर उत्तर थोडं अडचणीचं आहे. मुघल लघुचित्रांत रंग दाट आणि अपारदर्शक असतो, थरावर थर चढवून तो गुळगुळीत दगडाने घोटला जातो आणि प्रत्येक आकाराची कड धारदार असते. वॉश तंत्र याच्या जवळपास उलट आहे. अजिंठ्याची चित्रं भिंतीवरच्या गिलाव्यावर, ठाम रेघेने काढलेली. त्यांच्याशीही याचा तांत्रिक संबंध नाही. कागद इंग्रजी, पारदर्शक जलरंगाची सवय इंग्रजी शिकवणीतून आलेली आणि पाणी फिरवण्याची कल्पना जपानी. स्वदेशीच्या काळात परदेशी कापडाच्या होळ्या होत असताना 'स्वदेशी' चित्रकला अशा उसन्या सामग्रीतून घडत होती.

अवनींद्रनाथांना हे खुपत होतं असं दिसत नाही. जुन्या दरबारी चित्रांत कौशल्य अफाट आहे, पण भाव कमी पडतो, असं त्यांचं मत होतं. त्यांना हवा होता तो भाव. 1902 च्या सुमारास त्यांनी 'शाहजहानचे अखेरचे क्षण' हे चित्र केलं. आग्र्याच्या किल्ल्यात मरणशय्येवर पडलेला म्हातारा बादशहा मान वळवून दूरचा ताजमहाल पाहतो आहे आणि पायाशी मुलगी जहाँआरा बसली आहे. त्याआधी कलकत्त्यातल्या प्लेगमध्ये अवनींद्रनाथांची लहान मुलगी गेली होती आणि ते दुःख या चित्रात उतरलं, असं त्यांनीच पुढे सांगितलं. दिल्ली दरबाराच्या प्रदर्शनात या चित्राला पदक मिळालं. गंमत अशी की हे चित्र तैलरंगात आहे. जी माध्यमं सोडायची म्हणून ही चळवळ ओळखली जाते, त्यातल्याच एका माध्यमाने तिला पहिली कीर्ती मिळवून दिली.

विषयांची निवडही याच ओढीतून झाली. पुराणकथा, बुद्ध, मेघदूतातला यक्ष, मुघल इतिहास, उमर खय्याम. नंदलाल बोस या त्यांच्या पट्टशिष्याने 1907 च्या सुमारास 'सती' रंगवली. रवि वर्माही पुराणकथाच रंगवत होते. फरक मांडणीचा. रवि वर्म्यांची दमयंती ओळखीच्या घरातल्या बाईसारखी समोर उभी राहते, तर बंगालच्या चित्रांतली माणसं आठवणीतून किंवा स्वप्नातून आल्यासारखी वाटतात. भगिनी निवेदिता आणि आनंद कुमारस्वामी यांनी रवि वर्म्यांवर कडक टीका केली आणि त्यांचे देव नाटकी, उसने आहेत असं म्हटलं. वर पाहिलेलं कागद-रंगाचं मूळ लक्षात घेतलं तर या टीकेतला 'उसने' हा शब्द जरा जपून वाचावा लागतो.

वहीएवढ्या चित्राचं राजकारण

1905 मध्ये बंगालची फाळणी झाली आणि स्वदेशी चळवळ पेटली. अवनींद्रनाथांच्या मनात हे चित्र आधी 'बंगमाता' म्हणून होतं, त्याची 'भारतमाता' झाली. चार हातांतल्या वस्तूंचा अर्थ सरळ होता: शिक्षा, अन्न, वस्त्र आणि दीक्षा. आई आपल्या मुलांना देईल अशी चार दानं. हात चार असल्याने ती देवी, पण चेहरा आणि उभं राहणं साध्या बंगाली स्त्रीचं.

निवेदितांना हे चित्र इतकं भावलं की शक्य असतं तर त्याच्या हजारो प्रती छापून केदारनाथपासून कन्याकुमारीपर्यंत प्रत्येक शेतकऱ्याच्या झोपडीत पोहोचवाव्यात, अशा अर्थाचं त्यांनी लिहिलं. एका जपानी चित्रकाराने ते मोठं करून कापडी पताकेवर उतरवलं आणि ती पताका मिरवणुकीत नेली गेली.

घरोघरी मात्र हे चित्र पोहोचलं नाही आणि त्याचं एक कारण तंत्रातच होतं. वॉशची सगळी जादू छटांच्या अतिसूक्ष्म फरकांत असते. तेव्हाच्या स्वस्त रंगीत छपाईत हे फरक पुसले जात आणि उरे तो फिकट पिवळा ठिपका. रवि वर्म्यांचे भडक रंग आणि ठळक आकार छपाईत टिकत. दहा फुटांवरूनही ओळखू येत. वहीएवढं धूसर चित्र हातात धरून, खिडकीजवळ बसून पाहायचं असतं. रामानंद चॅटर्जींच्या 'प्रवासी' आणि 'मॉडर्न रिव्ह्यू' या मासिकांनी बंगाल शैलीची रंगीत चित्रं छापून ती देशभर पोहोचवली, पण पोहोचली ती मासिक विकत घेणाऱ्या शिकलेल्या घरांत. भिंतीवर आली ती मुकुटातली, सिंहवाली, रवि वर्मा वळणाची भारतमाता.

बंगालीतही सगळे भारावले नव्हते. सुरेशचंद्र समाजपतींचं 'साहित्य' मासिक या चित्रांतल्या लांबलचक बोटांची आणि हाडं नसल्यासारख्या हातांची टिंगल करत असे. दुसरीकडे, 1907 मध्ये या शैलीच्या प्रसारासाठी स्थापन झालेल्या 'इंडियन सोसायटी ऑफ ओरिएंटल आर्ट'मध्ये सुरुवातीला युरोपीय सभासदांचाच भरणा होता आणि पहिले अध्यक्ष होते ब्रिटिश भारताचे सरसेनापती लॉर्ड किचनर. राष्ट्रवादी कलेला साहेबांचा आश्रय मिळाला, कारण या चित्रांतला भारत अध्यात्मात बुडालेला आणि शांत होता. त्याची कुणाला भीती वाटत नव्हती.

अजिंठा, मुंबई आणि धुक्याबाहेर पडलेले शिष्य

1909 ते 1911 या काळात लेडी ख्रिस्तियाना हेरिंगहॅम अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रती करण्यासाठी आल्या. अजिंठा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. त्यांच्या मदतीला कलकत्त्याहून नंदलाल बोस, असितकुमार हालदार, समरेंद्रनाथ गुप्त आणि वेंकटप्पा गेले. मुंबईच्या जे.जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी 1872 पासून तेरा वर्षं हेच काम तैलरंगात केलं होतं. बंगालच्या मुलांसाठी मात्र ते शैलीला धक्का देणारं ठरलं. अजिंठ्यात धुकं नव्हतं. मोठ्या भिंती, भरलेले देह आणि न डगमगणारी रेघ होती.

नंदलाल यांच्यावर हा संस्कार टिकला. रवींद्रनाथांचंही मन या नाजूकपणाला विटत चाललं होतं. 1916 मध्ये जपानात मोठ्या आकाराची चित्रं पाहून त्यांनी घरी पत्रं लिहिली, त्यात आपल्याकडची चित्रं लहान आणि बुजरी असल्याची तक्रार होती. पुढे शांतिनिकेतनच्या कलाभवनाची सूत्रं नंदलालांकडे आली, तेव्हा तिथे भित्तिचित्रं, टेंपेरा आणि निसर्गाचा थेट अभ्यास सुरू झाला. 1938 च्या हरिपुरा काँग्रेस अधिवेशनासाठी त्यांनी केलेल्या फलकांत ढोलकी, सुतार, शेतकरी आहेत आणि ते ठळक रेघेत, सपाट, मातकट रंगांत आहेत. ते लांबून दिसावेत म्हणूनच केले होते.

मुंबईने बंगालचा मार्ग पूर्ण स्वीकारला नाही. जे.जे.मध्ये ग्लॅडस्टन सॉलोमन यांनी 1920 च्या आसपास भित्तिचित्रांचा वर्ग सुरू केला. भारतीय शैली हवी, पण त्यासाठी जिवंत माणसावरून करायचा अभ्यास सोडायची गरज नाही, ही मुंबईची भूमिका. तैलरंगात आणि पोर्ट्रेटमध्ये मुरलेल्या धुरंधरांच्या शहरात ती स्वाभाविकच होती.

तरीही शिष्यांमुळे वॉश तंत्र दूरवर पोहोचलं. असितकुमार हालदार लखनौच्या कलाशाळेत प्राचार्य झाले, समरेंद्रनाथ गुप्त लाहोरला गेले आणि देवीप्रसाद रायचौधुरी मद्रासला. लखनौत ही पद्धत पुढच्या पिढ्यांनीही जपली. लाहोरच्या अब्दुर रहमान चुगताईंनी तिच्यात आपली वळणदार रेघ मिसळून वेगळीच शैली घडवली. इतरत्र मात्र तिचा साचा झाला. झुकलेल्या माना, अर्धवट मिटलेले डोळे, निळसर संध्याकाळ. 1930 च्या दशकात अमृता शेरगिलने या बंगाली पुनरुज्जीवनावर उघड टीका केली, ती याच साच्यावर.

अवनींद्रनाथ स्वतः या साच्यात अडकले नाहीत. 1930 च्या सुमारास त्यांनी अरेबियन नाइट्सची मालिका केली. तिच्या कथा बगदादच्या असल्या तरी गल्ल्या, दुकानं आणि माणसं कलकत्त्याच्या चितपूर भागातली वाटतात. त्यात गर्दी आहे, खोडकरपणा आहे, आणि स्वप्नाळू धूसरपणा बराच मागे पडलेला आहे.

'भारतमाता' आज कोलकात्यात रवींद्रभारती सोसायटीच्या संग्रहात आहे. अवनींद्रनाथ, नंदलाल आणि ज्यांना विरोध म्हणून हे सगळं उभं राहिलं ते रवि वर्मा, असे तिघेही 1972 च्या पुरावशेष व कलानिधी कायद्याखाली एकाच यादीत आहेत आणि त्यांची चित्रं देशाबाहेर विकायला नेता येत नाहीत. एक फरक उरतोच. तैलचित्र दालनात वर्षानुवर्षं टांगून ठेवता येतं. वॉशमधला पातळ रंग उजेडाने उडतो आणि दमट हवेत कागदावर तपकिरी ठिपके पडतात, म्हणून ही चित्रं थोड्या काळासाठी, मंद दिव्यात बाहेर काढली जातात आणि पुन्हा अंधारात ठेवली जातात.